अनुक्रमे

सी.ए.च्या त्या ऑफिसात त्यांना सगळे तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'पोपटबाई'. बाईंच्या कानामागे बावीस वर्षं एक हिरवी पेन्सिल खोचलेली होती, आणि त्या पेन्सिलीची बरोबरची खूण पडल्याशिवाय कुठलाही कागद साहेबांच्या सहीला जात नसे. हे टोपणनाव बाईंना ठाऊक होतं. त्यांना ते फारसं लागत नसे, कारण दुसऱ्याची चूक शोधणाऱ्याला लोक नावं ठेवणारच, असं त्यांचं मत होतं. स्वतःची चूक कधी शोधावी लागेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता साहेबांनी कपाटवाल्यांची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली. कपाटवाले म्हणजे लोखंडी कपाटं आणि लॉकर बनवणारी तीन भावंडांची भागीदारी. दादा बाजार आणि वसुली सांभाळायचा, आक्काने नवऱ्यामागे आलेला पैसा कारखान्यात घातला होता, आणि धाकटा भाऊ सकाळी आठ ते रात्री आठ पत्र्याशी झुंजायचा. चाळीस कामगार त्याच्या हाताखाली होते. साहेब खुर्चीत न बसता उभ्यानेच म्हणाले की चार वाजता तिघं येणार आहेत, नफावाटपाचा तक्ता तपासून ठेवा, आणि धाकट्याच्या खिशात नोटीस आहे.

कसली नोटीस, हे बाईंना विचारावं लागलं नाही. कपाटवाल्यांच्या करारात मुदत घातलेली नव्हती. अशा भागीदारीत एकाने लेखी नोटीस दिली की झालं. यंत्रं विकायची, देणी द्यायची आणि उरेल ते घेऊन तिघांनी तीन दिशांना जायचं.

"सकाळी फोनवर काय म्हणाला माहितीये?" साहेब म्हणाले. "म्हणाला, बसून राहणाऱ्याला पाच लाख दहा, आणि राबणाऱ्याला तीन लाख दहा. हा हिशेब आहे की थट्टा?"

बाईंनी तक्ता समोर ओढला. धाकट्याच्या नावापुढे खरं तर नऊ लाख दहा हजार होते, पण त्यातला सहा लाख पगार त्याने महिन्याला पन्नास हजारांनी उचलून खाल्लेला होता. त्याच्या नजरेला दिसत होते ते उरलेले तीन लाख दहा. शेजारच्या ओळीत आक्काचे पाच लाख दहा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली. नफा बावीस लाख वीस हजार. हा पगार आणि व्याज वजा करण्यापूर्वीचा आहे ना, हे आधी बघायचं. पुष्कळ ठिकाणी हिशेबनीस भागीदाराचा पगार कामगारांच्या पगारातच ढकलून देतो आणि मग वाटपात पुन्हा धरतो. एकच पगार नफ्यातून दोनदा कापला जातो. बाईंनी बारा महिन्यांच्या नोंदी काढल्या. धाकट्याने घेतलेले पन्नास हजार दर महिन्याला त्याच्या उचल खात्यात पडले होते, कामगारांच्या पगारात नव्हते. एक खूण पडली.

मग पगार. दोन वर्षांपूर्वीच्या पुरवणी कराराने तो तीस हजारांवरून पन्नास हजारांवर गेला होता. पन्नास गुणिले बारा, सहा लाख. दुसरी खूण.

मग भांडवलावरचं व्याज, दर साल दर शेकडा दहा. दादाचे वीस लाख, व्याज दोन लाख. आक्काचे पंधरा लाख, व्याज दीड लाख. धाकट्याचे वर्षाच्या सुरुवातीला पाच लाख होते, त्याचे पन्नास हजार. आणि वर्ष निम्मं सरल्यावर त्याने आणखी चार लाख घातले होते. ते कसे घातले हे बाईंना माहीत होतं, कारण घर तारण ठेवल्याचा कागद त्यांनीच फाइलला लावला होता. चार लाखांवर वर्षाचे चाळीस हजार झाले असते, पण पैसा सहाच महिने कारखान्यात होता, म्हणून वीस. एकूण सत्तर हजार. धाकटा इथेच भांडणार हे बाईंनी ओळखलं, आणि इथे तो चुकत होता. व्याजाला काळ लागतो, त्याग लागत नाही. तिसरी खूण.

व्याजाचे चार लाख वीस हजार आणि पगाराचे सहा लाख गेले की उरतात बरोब्बर बारा लाख. ते पाचास तीनास दोन असे वाटायचे. तक्त्यावर मथळाच होता, 'उर्वरित नफा ५:३:२', आणि खाली सहा लाख, तीन लाख साठ हजार, दोन लाख चाळीस हजार. बेरीज बारा लाख. तिन्ही भागीदारांची एकूण बेरीज बावीस लाख वीस हजार. सगळं कसं चपखल बसलं होतं.

तरी बाईंच्या मनाचं समाधान होईना. ते वाक्य त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं, बसून राहणाऱ्याला पाच लाख दहा. धाकट्याला निदान व्याजाचं कलम तरी शब्दाशब्दाने वाचून दाखवू म्हणून त्यांनी मूळ करार काढला. अकरा वर्षांपूर्वीचा, कडा पिवळ्या पडलेला. व्याजाचं कलम सापडलं. त्याच्या खालचं कलम नफ्याचं होतं आणि डोळा सवयीने तिथेही गेला. 'व्याज व पगार वजा जाता उर्वरित नफा वरील भागीदारांना अनुक्रमे ५:३:२ या प्रमाणात वाटला जाईल.'

अनुक्रमे. बाई हा शब्द आयुष्यात हजारदा वाचून पुढे गेल्या होत्या. आज त्या थांबल्या. वरील म्हणजे कुठल्या वरील? त्यांनी कराराचं पहिलं पान उलटलं. पहिला दादा. दुसरा धाकटा. तिसरी आक्का.

त्यांनी तक्ता पुन्हा पाहिला. पहिला दादा. दुसरी आक्का. तिसरा धाकटा.

तीन भाग धाकट्याचे होते आणि ते आक्काला गेले होते. दोन भाग आक्काचे होते आणि ते धाकट्याला. एक लाख वीस हजार इकडचे तिकडे. बेरजेला त्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं, कारण बेरीज नावं वाचत नाही.

हा क्रम आला कुठून, हे शोधायला पाच मिनिटं लागली. पुरवणी करारात नावं वेगळ्या ओळीने लिहिली होती, दादा, आक्का, धाकटा, वयाप्रमाणे. त्यात फक्त पगार वाढवलेला होता आणि शेवटी 'बाकी कलमे पूर्ववत' असं म्हटलं होतं. त्याच सुमाराला कारखान्यात नवा हिशेबनीस आला. त्याने कॉम्प्युटरात भागीदार भरले ते समोरच्या नव्या कागदावरून, आणि प्रमाण भरलं ते जुन्या कागदावरून. दोन्ही कागद खरे होते.

दोन वर्षांपूर्वी. म्हणजे गेल्या वर्षीचा तक्तासुद्धा.

गेल्या वर्षीची फाइल कपाटात वरच्या फळीवर होती. ती काढताना त्यांनी स्टूल घेतलं नाही, टाचा उंचावून ओढली आणि धूळ डोळ्यांत गेली. उर्वरित नफा नऊ लाख. साडेचार, दोन सत्तर, एक ऐंशी. दोन सत्तर आक्काला, एक ऐंशी धाकट्याला. आणि ५:३:२ च्या शेजारी ठसठशीत हिरवी खूण, तिचं शेपूट जरा लांब ओढलेलं. ती खूण दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं.

बावीस वर्षांत पोपटबाईंचा पोपट झाला तो असा. हे त्यांच्याच मनात आलं आणि त्यांना हसू आलं नाही. त्यांना लाज वाटली. तो माणूस घर तारण ठेवत होता तेव्हा त्याचे नव्वद हजार त्यांच्या खुणेखाली दुसऱ्याच्या खात्यात गेलेले होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली, कारण रडत बसायला वेळ नव्हता. गेल्या वर्षीच्या चुकीने यंदाचं व्याज बिघडलंय का? नाही. कपाटवाल्यांचं भांडवल स्थिर होतं. नफा चालू खात्यात जमा व्हायचा आणि त्यावर व्याज नव्हतं. चूक नव्वद हजारांवरच थांबली होती.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं नाव बाहेर पाटीवर होतं. ते म्हणाले की यंदाचा तक्ता दुरुस्त करा, धाकट्याला एक लाख वीस हजार जास्त दिसले की तो थंड होईल, सुंठीवाचून खोकला जाईल. गेल्या वर्षीचं पुढच्या महिन्यात सावकाश सांगू, सह्या झाल्यावर.

"आणि त्याने विचारलं की गेल्या वर्षी काय होतं?"

"तो नाही विचारणार. त्याने आजवर मागचं पान उलटून पाहिलंय का?"

"म्हणूनच मी सांगणार," बाई म्हणाल्या. "खूण माझी आहे, साहेब."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. जिन्यावर पावलं वाजत होती.

गोल टेबल असलेल्या खोलीत तिघं बसली ती तीन टोकांना. गोल टेबलाला टोकं नसतात, पण या तिघांनी ती काढली. दादा पाण्याचा ग्लास फिरवत होता. आक्काने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. धाकट्याचे हात टेबलावर होते, पत्र्याने कापलेल्या जुन्या-नव्या रेघांनी भरलेले, आणि त्या हातांखाली एक बंद पाकीट होतं.

साहेब प्रस्तावना करू लागले, पण धाकट्याने ती होऊ दिली नाही. चार लाखांवर वीसच हजार कसे, इथून त्याने सुरुवात केली. घर गहाण टाकून पैसे आणले, त्याला अर्धं व्याज. दादा म्हणाला की सहा महिन्यांचं सहाच महिने मिळणार, त्यात कोण काय करणार. आक्का म्हणाली की तिला हिशेबातलं कळत नाही, जे येतं ते ती घेते. यावर धाकटा कडवट हसला आणि म्हणाला की घेणाऱ्याला कळायची गरजच नसते.

"भांडवलाला व्याज आहे," तो म्हणाला. "हाताला नाही. मला कळलं तुम्ही दोघांनी काय जमवलंय ते. दादाला अर्धा आणि उरलेला आमच्या दोघांत, असं ठरलं होतं. त्या उरलेल्याचं काय करता, ते मी कधी विचारलं नाही. माझंच चुकलं."

दादाचा ग्लास थांबला. "मी माझा आकडा बघतो," तो म्हणाला. "माझा बरोबर असतो. तुमचे मी कशाला बघू?"

धाकट्याने पाकीट पुढे सरकवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, बाईंना वाटलं. हा वीस हजारांसाठी भावाचा गळा धरतोय आणि एक लाख वीस हजार शेजारच्या रकान्यात गपगुमान बसलेत.

"ते उघडण्याआधी मला दोन मिनिटं द्या," बाई म्हणाल्या. "भाऊ, व्याज बरोबर आहे. तिथे तुम्ही चुकताय. पण तुम्हाला कमी पडलंय, हे खरं आहे."

मग त्यांनी मूळ करार मधोमध ठेवला आणि कलम वाचलं. अनुक्रमे या शब्दाखाली पेन्सिल धरली, पहिलं पान उलटलं आणि नावं वाचली. बारा लाखांचे तीन भाग धाकट्याचे, तीन लाख साठ. दोन भाग आक्काचे, दोन लाख चाळीस. तक्त्यात ते उलटे पडले आहेत, कारण दोन वर्षांपूर्वीच्या पुरवणी करारात नावांची ओळ बदलली आणि हिशेबनिसाने तीच उचलली. दुरुस्त केल्यावर दादाचे आठ लाख तसेच राहतात, आक्काचे तीन लाख नव्वद होतात आणि भाऊंचे दहा लाख तीस. बेरीज पूर्वी होती तीच.

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी गेल्या वर्षीचा तक्ता वर ठेवला. "गेल्या वर्षीसुद्धा हेच झालं. नव्वद हजार. ही खूण माझी आहे. मी प्रमाण बघितलं, बेरीज बघितली, नावं बघितली नाहीत. यात दादांचा हात नाही आणि आक्कांचाही नाही. चूक मी पकडायला हवी होती."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

धाकट्याला आनंद होईल असं कुणाला वाटलं असेल तर ते चूक होतं. त्याचा चेहरा आणखी काळवंडला. संशय होता तोवर त्याला निदान खात्री नव्हती. त्याने दोन्ही करार शेजारी ठेवले, बोट एका यादीवरून दुसऱ्या यादीवर नेलं आणि दादाकडे पाहिलं.

"नऊ वर्षं नाव माझं दुसरं होतं. खाली कुणी ढकललं? हे आपोआप होत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून टाइप झालं."

दादा म्हणाला त्याला आठवत नाही. आक्काने पिशवी आणखी जवळ ओढली. पुरवणी करार बाईंनीच टाइप केला होता. वयाप्रमाणे बरं दिसतं म्हणून आपणच तर नाही ना फिरवलं? त्यांना आठवेना. आणि आठवत नाही असं म्हणणारा माणूस या खोलीत आधीच एक झाला होता.

बाई कुठलाही कागद फेकत नसत. साहेब त्यावरून त्यांना चिडवत. फाइलच्या तळाशी पुरवणी कराराचा कच्चा मसुदा होता. त्यांनी तो काढला आणि स्वतः न वाचताच टेबलावर उलगडला. जे असेल ते सगळ्यांनी एकदमच बघावं.

मसुद्यात नावं जुन्याच ओळीने टाइप केलेली होती. दादा, धाकटा, आक्का. पण आक्काच्या नावाखालून एक निळा बाण निघाला होता आणि धाकट्याच्या नावाच्या वर जाऊन टेकला होता. बाजूला पत्र्यावर मापं लिहिणाऱ्या माणसाचं मोठं, चौकोनी अक्षर होतं. 'आक्का मोठी आहे. तिचं नाव माझ्या आधी घ्या.'

धाकट्याने ते अक्षर वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागदावरच तळहात ठेवला, जणू झाकल्याने ते दुसऱ्या कुणाचं होणार होतं. त्याचा पगार वाढवायला आक्का पहिली हो म्हणाली होती, त्या दिवसाचा हा बाण. त्यालाही ते आत्ता आठवलं असावं, कारण तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

"गेल्या वर्षीचे मी खर्चून बसले रे," आक्का हळूच म्हणाली. "छत गळत होतं. मला वाटलं, माझेच आहेत." मग ती बाईंकडे वळली. "यंदाच्यातून कापा सगळे. तीन लाख नव्वदातून नव्वद गेले की तीन लाख राहतात, मला पुरतात. आणि माझं नाव खाली घाला. होतं तिथे. नावाने एवढं होणार असेल तर मला तो मान नको."

बाईंनी मान डोलावली. गेल्या वर्षीचे पैसे आक्काच्या चालू खात्यातून भाऊंच्या चालू खात्यात वळते करायचे आणि खाली कारण लिहून तिघांच्या सह्या घ्यायच्या. काम तेवढंच होतं. त्यांनी तक्ता जवळ ओढला आणि आक्काच्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

धाकट्याने हात पुढे केला आणि ती पेन्सिल अडवली. दुसऱ्या हाताने त्याने पाकीट उचललं, दोनदा दुमडलं आणि शर्टाच्या खिशात खोल कोंबलं. दादाकडे बघायचं धैर्य त्याला अजून झालं नव्हतं. तो तक्त्याकडे बघूनच बोलला.

"नाव वरच राहू दे, बाई," तो म्हणाला. "माझा आकडा तेवढा खाली घ्या."